लॉट कितीचा, भाव कितीचा?

पत्र

ताई, नमस्कार. मी डिचोलीचा, वय २९, औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. बहिणीचं लग्न वैशाखात ठरलंय, अजून सहा महिने आहेत. आठ तोळ्यांचे दागिने करायचे आहेत. भाव रोज चढत होता म्हणून मित्राच्या सांगण्यावरून वायदेबाजारात GOLDM, म्हणजे सोन्याच्या मिनी वायद्याचा एक लॉट एक लाख भावाने घेतला. खात्यात दीड लाख भरले होते, त्यातले साधारण एक लाख लगेच अडकले. म्हटलं, एका तोळ्याचे पैसे गेले, एक तोळा आला. चार दिवसांत भाव १,२०० ने उतरला आणि माझे १२,००० गेले! दलालाने फसवलं का? मित्र म्हणतो मिनी सोड, मायक्रो घे, यूट्यूबवर सगळे तेच घेतात. मला वाटतं सगळ्यात छोटा वायदा पेटल बरा, तो दिवसाला शंभरसुद्धा हलत नाही. घरी काही सांगितलेलं नाही. काय करू?

— एक डिचोलीकर

उत्तर

प्रिय डिचोलीकर,

आधी दलालाचं बघू, कारण तो संशय मनात असेपर्यंत पुढचं काही नीट वाचून होणार नाही. सौद्यानंतर चोवीस तासांच्या आत दलालाकडून ई-मेलने काँट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची पावती आली असेल, ती उघडा. तिच्यात GOLDM, एक लॉट आणि तुमचा भाव असेल तर फसवणूक झालेली नाही. GOLDM चा एक लॉट १०० ग्रॅमचा असतो. तुम्ही एक तोळा नाही, दहा तोळे घेतलेत. १० ग्रॅममागे १,२०० रुपये उतरले, असे दहा १० ग्रॅम तुमच्या नावावर होते, म्हणून १२,००० गेले. हिशोब चोख आहे.

तुमची चूक कुठून आली तेही पत्रातच दिसतं. एक तोळा एक लाखाचा आणि खात्यात अडकलेही लाखच, तेव्हा एका तोळ्याची किंमत भरली असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण तो लाख सोन्याची किंमत नव्हता. तुमच्या सौद्याचं सोनं दहा लाखांचं होतं आणि अडकलेला लाख ही त्यावरची अनामत, म्हणजे मार्जिन. साधारण दहावा हिस्सा अनामत ठेवून दहापट सोन्याची चढउतार तुम्ही अंगावर घेतली. दोन आकडे योगायोगाने जुळले आणि त्यांनीच चकवलं. मार्जिनचं प्रमाण बाजार जास्त हलू लागला की बदलतं, त्यामुळे दर वेळी असे जुळतीलच असं नाही. तुमच्या वेळी जुळले, एवढंच.

आता मूळ गोष्ट. वायदा म्हणजे पुढच्या तारखेच्या सोन्याचा आज ठरलेल्या भावाने केलेला सौदा. प्रत्येक वायद्याला दोन वजनं असतात. एक लॉटचं वजन, म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात किती सोन्याचा सौदा केला ते. दुसरं भावाचं वजन, म्हणजे पडद्यावर दिसणारा आकडा किती ग्रॅमचा आहे ते. आपण सराफाच्या दुकानात वाढलेली माणसं, भाव तोळ्याचा आणि खरेदीही तोळ्यात, म्हणून ही दोन वजनं एकच असतील असं धरून चालतो. वायदेबाजारात ती बहुतेक वेळा वेगळी असतात. लॉटच्या वजनाला भावाच्या वजनाने भागलं की भाव एक रुपया हलल्यावर तुमच्या खात्यात किती रुपये हलतात ते कळतं. याहून अवघड गणित यात नाही.

एमसीएक्स, म्हणजे तुम्ही सौदा केला तो वायदेबाजार. तिथला मोठा वायदा GOLD. लॉट १ किलोचा, भाव १० ग्रॅमचा. हजार भागिले दहा, शंभर. भाव १ रुपया हलला की १०० रुपये. तुमच्या GOLDM मध्ये शंभर भागिले दहा, म्हणजे रुपयाला १० रुपये. एप्रिल २०२५ पासून GOLDTEN नावाचा वायदा आला आहे. त्याचा लॉट १० ग्रॅमचा आणि भावही १० ग्रॅमचा, म्हणून रुपयाला रुपया. तुम्ही मनात जो वायदा धरला होता तो हा. सराफाच्या भाषेत चालणारा हा एकच वायदा आहे, आणि तुमच्यासारख्या घरगुती गरजेच्या माणसाने सुरुवात करायचीच तर इथून करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

यापुढे मात्र एक खड्डा आहे आणि तुमचं पेटलचं वाक्य वाचून मला त्याचीच काळजी वाटली. GOLDGUINEA चा लॉट ८ ग्रॅमचा आणि भावही ८ ग्रॅमचा. GOLDPETAL चा लॉट १ ग्रॅमचा आणि भावही १ ग्रॅमचा. दोन्हींत रुपयाला रुपयाच, म्हणजे कागदावर GOLDTEN सारखेच. पण पडद्यावरचा आकडा लहान वजनाचा असल्यामुळे हलतानाही तो लहान दिसतो. १० ग्रॅमचा भाव १,००० ने चढला की गिनीत सुमारे ८०० आणि पेटलमध्ये सुमारे १०० दिसतात. शुद्धतेमुळे आणि मुदतीमुळे थोडा फरक पडतो, पण मापाचा अंदाज हाच. 'पेटल शंभरसुद्धा हलत नाही' याचा अर्थ त्या दिवशी तोळाही हजाराच्या आतच हलला. सोनं तेच, चढउतार तीच. लाखातले हजार म्हणजे एक टक्का आणि दहा हजारांतले शंभर म्हणजेही एक टक्काच.

एकाच दिवशी १० ग्रॅममागे १,००० रुपये हलले असं समजू. GOLD चा एक लॉट असणाऱ्याचे १,००,००० रुपये इकडचे तिकडे होतात, GOLDM वाल्याचे १०,०००, GOLDTEN वाल्याचे १,०००, गिनीवाल्याचे ८०० आणि पेटलवाल्याचे १००. हे पाच आकडे वहीत एकाखाली एक लिहून ठेवा. लॉट लहान घेतल्याने सोनं शांत होत नाही, तुमचा त्यातला वाटा लहान होतो. पेटल स्वस्त म्हणून शंभर लॉट घेतले तर तुम्ही पुन्हा GOLDM वरच येऊन उभे राहता. हे मी अंदाजाने लिहीत नाही. म्हापशाला एका सराफाकडे मी बरीच वर्षं हिशोब लिहिले. 'लहान आहे, काय होणार' म्हणत वाढवत नेलेल्या पेटलची वही मी स्वतः जुळवली आहे, आणि ती जुळवताना त्या गृहस्थाचा चेहरा कसा पडला तेही पाहिलं आहे.

पेटलचा आणखी एक खर्च दिसत नाही. समजा तुमचा दलाल दर ऑर्डरीमागे सपाट २० रुपये घेतो. एक पेटल घेऊन विकला की ४० रुपये गेले. ते भरून निघायला ग्रॅममागे ४० रुपये, म्हणजे तोळ्यामागे ४०० रुपये भाव चढावा लागतो. शिवाय छोट्या वायद्यांत घेणारे-विकणारे कमी असले की खरेदीचा आणि विक्रीचा भाव यांतलं अंतर वाढतं. ऑर्डर टाकण्याआधी पाच-पाच भावांची जी पाटी दिसते, तिच्यात वरच्या दोन भावांतलं अंतर किती ते बघा. पेटलमध्ये ते ५ रुपये दिसलं तर सराफी भाषेत ते तोळ्यामागे ५० रुपये आहे.

आता मित्राचा 'मायक्रो'. एमसीएक्सवर मायक्रो हे नाव चांदीला आहे, १ किलोचा वायदा. सोन्यात त्या नावाचा वायदा नाही. यूट्यूबवर जो दाखवतात तो न्यूयॉर्कच्या कॉमेक्स या वायदेबाजारातला MGC असणार. तिथला मोठा वायदा GC १०० ट्रॉय औंसांचा आणि मायक्रो १० ट्रॉय औंसांचा. भाव एका औंसाचा आणि डॉलरमध्ये. तेच भागाकाराचं सूत्र लावा: भाव १ डॉलरने हलला की मोठ्यात १०० डॉलर, मायक्रोत १०. भाव कमीत कमी दहा सेंटने हलतो, म्हणजे मायक्रोतली सगळ्यात बारीक पायरी एक डॉलरची. ऐकायला चिमुकलं वाटतं. पण ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा, तेव्हा दहा औंस म्हणजे ३११ ग्रॅम. ज्या मिनीने तुम्हाला घाम फोडला त्याच्या तिप्पट! मायक्रो हे नाव तिथल्या तीन किलोंच्या लॉटच्या तुलनेत ठेवलेलं आहे, आपल्या तोळ्याच्या तुलनेत नाही. आणि रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली परदेशी बाजारातल्या मार्जिनसाठी इथून पैसे पाठवता येत नाहीत. कोणी 'मी करून देतो' म्हणालं तर त्याच्यापासून दूर राहा. मित्राने तुमचं वाईट चिंतलं नाही, त्यानेही फक्त नाव पाहिलं आणि वजन पाहिलं नाही.

आता तुमच्या गरजेकडे येते, कारण पत्रात मला सगळ्यात चांगली वाटलेली गोष्ट तीच आहे. तुम्ही जुगार खेळायला गेला नव्हता. सहा महिन्यांनी सोनं घ्यायचंच आहे, भाव चढला तर घरावर भार पडेल, म्हणून आजचा भाव धरून ठेवायला गेलात. वायदेबाजार ज्या कामासाठी आहे ते हेच काम. फक्त वजन चुकलं.

आठ तोळ्यांचे दागिने २२ कॅरेटचे धरले तर त्यात शुद्ध सोनं ९१.६ टक्के. ८० ग्रॅमचं झालं ७३ ग्रॅम आणि थोडं वर. एवढ्याच सोन्याच्या भावाची तुम्हाला चिंता आहे. घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वायद्याने बांधता येत नाहीत, ते तुमच्या सराफाकडे, शेटकडे जे होईल ते होईल. गरज ७३ ग्रॅमची आणि घेतले १०० ग्रॅम. वरचे २७ ग्रॅम कोणत्याच दागिन्याचे नाहीत, त्यांची चढउतार म्हणजे निव्वळ पैज.

या नजरेने ते १२,००० पुन्हा बघा. भाव ग्रॅममागे १२० ने उतरला, म्हणजे आज दागिने करायला टाकले असते तर सोन्यात सुमारे ८,८०० रुपये कमी लागले असते. १२,००० मधले ८,८०० तुम्ही एका खिशातून दुसऱ्या खिशात घातलेत आणि खरं नुकसान झालं ते वरच्या २७ ग्रॅमचं, ३,२०० च्या आसपास. पण एक अडचण आहे. खात्यातून पैसे रोज रात्रीच जातात, बाजार बंद होतानाच्या भावाने रोजचा हिशोब चुकता होतो, आणि स्वस्त सोन्याचा फायदा मिळतो थेट वैशाखात. मधल्या सहा महिन्यांत तुमची झोळी किती ताण सोसते, हा खरा प्रश्न आहे.

तो मोजता येतो. दीड लाखातले १२,००० गेले, १,३८,००० उरले. त्यातला एक लाख मार्जिनचा, मोकळे ३८,०००. रुपयाला १० रुपये, म्हणजे तोळ्यामागे आणखी ३,८०० उतरले की मोकळे पैसे संपले आणि दलालाचा 'आणखी पैसे भरा' असा संदेश आला. भरले नाहीत तर तो सौदा स्वतःच कापतो, आणि कापतो तोही भाव खाली असतानाच.

३,८०० खूप वाटतात? २३ जुलै २०२४ चा दिवस आठवा. अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं आणि एमसीएक्सवर सोनं त्या एका दिवसात १० ग्रॅममागे ४,००० रुपयांहून जास्त कोसळलं. जगात सोनं पडलं नव्हतं, इथला कर पडला होता. त्या दिवशी एक किलोचा लॉट धरून बसलेल्याचे चार लाख गेले, GOLDM वाल्याचे ४०,००० आणि पेटलवाल्याचे ४००. तेव्हा सोनं ७०,००० च्या आसपास होतं. आज भाव जितका मोठा, तितकीच तशी पडझड रुपयांत मोठी. असा दिवस पुन्हा आला तर तुमचे ३८,००० पुरणार नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा. GOLDM विकून मोकळे व्हा. 'भाव परत वर आला की काढतो' असं मनात येईल, तसं करू नका. वर येईल की नाही हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि त्या वाट पाहण्याची किंमत रुपयाला दहा रुपये आहे.

त्यानंतर भाव धरून ठेवायचाच असेल तर GOLDTEN चे सात लॉट घेता येतील. ७० ग्रॅम, तुमच्या गरजेला जवळजवळ चपखल. रुपयाला ७ रुपये. तेच मार्जिनचं प्रमाण धरलं तर ७०,००० अडकतील आणि ६८,००० मोकळे राहतील, म्हणजे तोळ्यामागे साधारण ९,७०० पर्यंतची घसरण सोसता येईल. पण तुमच्या जागी मी असते तर चारच घेतले असते. ४० ग्रॅम, रुपयाला ४ रुपये, अडकणार ४०,००० आणि मोकळे ९८,०००. तोळ्यामागे २४,००० उतरले तरी फोन येणार नाही. उरलेल्या निम्म्यासाठी तुमच्या घरच्या शेटशी बोला. बरेच सराफ आगाऊ पैसे घेऊन आजच्या भावात वजन बांधून देतात. पावतीवर ग्रॅम आणि कॅरेट लिहून घ्या, नुसते रुपये नकोत. पगारातून दर महिन्याला थोडं थोडं घेत गेलात तरी चालेल. त्यात रात्रीचा हिशोब नाही आणि फोनही नाही.

चार लॉट घेतलेत तर एक गोष्ट दर महिन्याला सांभाळावी लागेल. GOLDTEN चा वायदा महिन्याचा असतो. मुदत संपण्याआधीच्या शेवटच्या काही दिवसांत तो डिलिव्हरीकडे जातो आणि मार्जिन वाढतं. त्याच्या आधी चालू महिन्याचा विकून पुढच्या महिन्याचा घ्यायचा. पुढच्या महिन्याचा भाव बहुधा थोडा चढा असतो. तो फरक आणि दलाली मिळून सहा महिन्यांचा जो खर्च होईल, तो शेट आगाऊ बांधून देताना काय मागतो त्याच्याशी ताडून बघा. शेटचा आकडा कमी निघाला तर वायद्याची गरजच उरली नाही. डिलिव्हरी मात्र घेऊ नका. सोनं एक्स्चेंजने ठरवलेल्या तिजोरीत मिळतं, वर जीएसटी आणि इतर खर्च, आणि हातात येतं ते नुसतं सोनं, दागिना नाही. त्याच्या पाटल्या करायला पुन्हा शेटकडेच जायचं.

ज्यांनी अजून सौदा केलेला नाही अशा वाचकांसाठी एक सवय सांगते. ऑर्डरीच्या खिडकीत Qty समोर १ लिहिण्याआधी वायद्याची माहिती उघडा आणि लॉटचं वजन व भावाचं वजन दोन्ही कागदावर लिहा. मग भावाला लॉटने गुणा आणि भावाच्या वजनाने भागा. GOLDM असेल तर एक लाख गुणिले शंभर भागिले दहा, दहा लाख. हा आकडा बघून 'अरे, एवढं सोनं मला नको होतं' असं वाटलं तर खिडकी बंद करा. डिचोलीकर, तुम्ही त्या दिवशी हे केलं असतं तर दहा लाख बघूनच थांबला असतात.

राहिलं घरी सांगायचं. या रविवारीच सांगा, पण नुसता १२,००० चा आकडा सांगू नका. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे लिहा: १०० ग्रॅम घेतले, १२,००० गेले. उजवीकडे लिहा: ७३ ग्रॅम लागणार, आजच्या भावात ८,८०० वाचतात. आई घरातलं सोनं ग्रॅमवर ओळखते, तिला ते पान तुमच्याआधी कळेल. बहिणीलाही बसवा. चार लॉट घ्यायचे की सगळं शेटकडे बांधायचं, हे तिघांनी मिळून ठरवा.

— तुमची ताई